आईच्या गुडघ्यांची चुगली

माझी आई बालवाडीत शिकवते. गेली अठ्ठावीस वर्षं तिचा वर्ग जमिनीवर भरतो आणि बाईही पोरांच्या मधोमध मांडी ठोकून बसतात. गुडघ्यांचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, वय झालं." थापा मारण्यात ती इतकी तरबेज की नेहमीच्या डॉक्टरांनाही तिने सहा वर्षं हातोहात फसवलं.

शेवटी मीच हाडांच्या दवाखान्यात वेळ घेतली. पहिल्या भेटीआधी त्रास लिहून पाठवा, असा तिथून निरोप आला. आई लगेच माझ्या खांद्यावरून डोकावली.

"'थोडंसं दुखतं' एवढंच लिही. उगाच रामायण नको."

मी मान डोलावली, स्वयंपाकघरात गेले आणि रामायणच लिहिलं:

"आईचं वय एकोणसाठ. सहा वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. वर्षभरात त्रास वाढलाय. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरते, दरवेळी उजवा पाय आधी. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं गुडघे आखडलेले असतात, संध्याकाळी उजव्याला सूज येते. पडलेली नाही, मार लागलेला नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. दुखण्याची गोळी मात्र मनानेच आणून जवळजवळ रोज घेते. हे ती सांगणार नाही. तुम्ही वर्ग सोडायला लावाल अशी तिला धास्ती आहे."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय?"

"थोडंसं दुखतं," आई गोड हसली.

"आणि ती रोजची गोळी?"

आईने डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं. पण आता लपवायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबून, वाकवून पाहिले, उभ्याने एक्स-रे काढायला लावला. झीज होती, पण ऑपरेशनची वेळ आलेली नव्हती. दुखण्याच्या रोजच्या गोळ्यांनी रक्तदाब चढतो, मूत्रपिंडालाही धोका असतो, म्हणून त्या बंद. रक्ततपासणी करायची आणि मांड्यांचे स्नायू बळकट करायचा व्यायाम रोज, न चुकता.

आईने श्वास रोखून विचारलं, "आणि वर्ग?"

"वर्ग नाही सोडायचा. फक्त जमीन सोडायची. तुम्ही खुर्चीत बसा, पोरं येतील जवळ."

आई एवढ्या मोठ्याने हसली की बाहेर बसलेले पेशंट दाराकडे बघायला लागले. मला तर रडूच फुटलं.

बाहेर आल्यावर तिने माझा फोन हिसकावून घेतला आणि मी पाठवलेलं रामायण दोनदा वाचलं.

"उजवा पाय आधी टाकते, हे मलाही माहीत नव्हतं. सहा वर्षं बघत होतीस?"

"रोज."

"आणि मला वाटायचं, मी किती छान लपवलंय!"

समोर दवाखान्याच्या चार पायऱ्या होत्या. कठडाही होता. आईने माझा हात धरला.