तिच्या वाट्याचं अल्कोहोल

केळ्याचा डीएनए मी चहासारखा ढवळला, आणि तो गेला.

झालं असं की रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात मुलीची विज्ञान प्रदर्शनाची तालीम चालली होती. फळातून डीएनए वेगळा करून दाखवायचा, आणि करता करता प्रत्येक पायरी समजावून सांगायची, असा नववीतला स्टॉल. शेवटी अल्कोहोल ओतायचं, एवढंच काम माझ्याकडे होतं. मी औषधांच्या कपाटातली स्पिरिटची बाटली काढली, ग्लासात भसकन ओतली, आणि आपलं काम नीट व्हावं म्हणून वर चमचा फिरवला.

मुलगी ग्लासाकडे बघत राहिली. आत केळ्याच्या वासाचं गढूळ पाणी होतं, बाकी काही नाही.

"आलं पण किसून घालायचं का, पप्पा?"

"चुकलं का काही?"

"अल्कोहोल बर्फासारखं गार लागतं. ग्लास तिरका धरून कडेनं सोडायचं, म्हणजे ते वर तरंगतं. आणि ढवळायचं नसतं. ती कधीच ढवळायची नाही."

ती म्हणजे तिची मैत्रीण. आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायची. दोघींनी जूनमध्येच हा प्रयोग ठरवला होता आणि बोलायचं वाटून घेतलं होतं. केळं, साबण, मीठ आणि गाळणं माझ्या मुलीचं. अल्कोहोल आणि पुढचं सगळं तिचं. पावसाळा सरता सरता तिला डेंग्यू झाला. आधी नुसता ताप वाटला, मग घाटी रुग्णालयात नेलं, आणि तिथून ती घरी आली नाही.

शाळेतल्या बाईंनी दुसरी जोडीदार सुचवली. मुलगी नको म्हणाली. तक्त्यावर दोघींची नावं होती, त्यातलं एक खोडायलाही ती तयार नव्हती. मग बाईंनी मला फोन केला. "निम्मं सांगून गप्प बसली तर परीक्षक काय म्हणतील? दुसरं निम्मं तिनं बोलायला हवं, नाहीतर स्टॉल मागे घेऊ. बघा तुम्हीच."

मी बघितलं, आणि वर सांगितलं तसा चमचा फिरवला.

"दुसरा भाग तुला पाठ आहे ना?" मी विचारलं.

"आहे."

"मग?"

"मी बोलले की तो माझा होईल."

बँकेत पंचवीस वर्षं लोकांना समजावून सांगण्याचीच नोकरी करतोय, पण तिथं लोक असलं काही विचारत नाहीत.

मग तीच म्हणाली, "आणि अल्कोहोलची बाटली तिच्या घरी आहे. फ्रीजरमध्ये. ते तिचं काम होतं."

मेडिकलमधून नवी आणतो म्हटलं, तर नको. तीच पाहिजे. ती आणायची कुणी, तर मी.

खरं सांगायचं तर त्या घरी जायचं मी टाळत होतो. त्यांचा स्टीलचा डबाही आमच्याकडेच अडकला होता. दोन घरांत तो वर्षानुवर्षं फिरायचा. तिकडून शेंगदाण्याची चटणी यायची, इकडून चकल्या जायच्या, रिकामा तो कधी गेला नाही. आता त्यात काय घालून द्यावं हे माझ्या बायकोला सुचत नव्हतं. त्या दिवशी तिनं तो घासला, त्यात बर्फाचे खडे भरले आणि माझ्या हातात दिला. "बाटली यात घालून आण. वाटेत गार राहील."

मैत्रिणीच्या आईनं दार उघडलं. आम्ही त्यांना ताईच म्हणतो. त्या वीज कार्यालयात नोकरीला आहेत, नुकत्याच पुन्हा कामावर जायला लागल्या होत्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली आता ताईंच्या मुलीचा फोटो. मी डबा पुढं केला आणि म्हणालो, "बर्फ आहे."

"व्हय, दिसतंय," ताई म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "बाटलीसाठी आलात ना? मी वाटच बघत होते कुणीतरी येईल."

त्यांनी फ्रीजर उघडला. मटार दगड झालेला, दुधाची पिशवी दगड झालेली. त्यांच्यामागं ती बाटली. वर त्यांच्या मुलीच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी : 'आई, हे पाणी नाही.' ताईंनी बाटली तिरकी केली. आतलं अल्कोहोल हललं.

"एवढे दिवस झाले, गोठलं नाय बघा. ती म्हणली होती, आपल्या फ्रीजरात हे कधीच गोठणार नाय. मी रोज बघते."

बाटली त्यांनी डब्यात ठेवली नाही. पोटाशी धरून उभ्या राहिल्या. "प्रदर्शन कधी आहे? मीच घेऊन येते. डबा राहू द्या इथं."

प्रदर्शनाच्या सकाळी मुलीनं टेबलावर सगळं मांडलं. तक्त्यावर दोन नावं, मागं एक खुर्ची रिकामी. परीक्षक आले, हातात पेन घेतलेले एक वयस्कर सर. मी आणि बायको गर्दीत उभे होतो.

मुलगी बोलायला लागली. "हे पिकलेलं केळं. कुस्करल्यानं पेशी सुट्या होतात, त्यांच्या भित्तिका फुटतात. हा भांडी घासायचा साबण. पेशीचं आणि केंद्रकाचं पटल चरबीचं असतं. तेलकट ताटाची चरबी जशी साबणानं सुटते, तसं ते सुटतं आणि डीएनए बाहेर येतो. हळू मिसळायचं, फेस नको. हे मीठ. डीएनएवर ऋण प्रभार असतो, म्हणून त्याचे धागे एकमेकांना लांब ढकलतात. मिठातलं सोडियम तो प्रभार झाकतं, मग ते जवळ येऊ शकतात. आता गाळून घेऊ. चोथा वर राहतो, डीएनए पाण्याबरोबर खाली येतो."

गाळणं संपलं. ती थांबली.

"पुढे?" सर म्हणाले.

बाई कोपऱ्यातून माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी चमचा घेऊन धावणार होतो.

ताई टेबलामागं आल्या. त्यांनी डबा उघडला, बर्फातली बाटली काढली, चिठ्ठीवरचं पाणी पदरानं टिपलं. ग्लास तिरका धरून कडेकडेनं अल्कोहोल सोडत त्या बोलायला लागल्या. भांडी घासताना लेकीच्या तोंडून महिनोन्‌महिने कानावर पडलेलं.

"डीएनए पाण्यात विरघळतो, अल्कोहोलात विरघळत नाही. म्हणून दोन्ही जिथं भेटतात, तिथं तो बाहेर पडतो. अल्कोहोल गार कशासाठी, तर गार असलं की…"

पुढचं त्यांना येत होतं की नव्हतं, मला माहीत नाही. त्यांचा हात मात्र थांबला नाही.

"गार असलं की तो आणखी कमी विरघळतो," मुलगी म्हणाली. "आणि त्याला तोडणारी विकरंही मंदावतात. आता ढवळायचं नाही. वाट बघायची."

आम्ही सगळ्यांनी वाट बघितली. दोन थरांच्या मधोमध पांढरं काहीतरी जमायला लागलं, पिंजलेल्या कापसासारखं, आणि हळूहळू वर चढलं. मुलीनं ते लाकडी काडीवर गुंडाळून उचललं.

"हा सगळा डीएनएच का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. यात थोडी प्रथिनं आहेत, केळ्यातलं पेक्टिनही आहे. आणि हा एक धागा नाही. असंख्य पेशींमधला एकत्र आला म्हणून डोळ्यांना दिसतो." मग ती म्हणाली, "हे उत्तर तिचं आहे. तिनं शोधलं होतं."

सरांनी तक्त्यावरची नावं वाचली. त्यांनी पेन उघडलं नाही. ताईंनी काडी हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

दिवसभर माणसं येत राहिली आणि प्रत्येकासाठी ताईंनी ओतलं, मुलीनं सांगितलं. बक्षीस कुणा सौरचुलीला मिळालं. संध्याकाळी ताई मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून घरी गेल्या. जाताना डबा आणि बाटली टेबलावरच राहिली, ती मी घरी आणली.

बाटलीच्या तळाशी थेंबही नव्हता. ती चिठ्ठीसकट आत्ताच ताईंना देऊन येतो म्हणून मी पुन्हा चप्पल घालायला लागलो.

बायको डबा घासत होती. मागं न बघता म्हणाली, "रिकामी देतात का कधी? आधी मेडिकलमध्ये जा."