कळव्याची मेंदी

धाकट्या जावेला मेंदीचा कोन धरायला मी शिकवलं, हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. ती ठाण्याला वागळे इस्टेटजवळ राहायला गेली आणि दोन वर्षांत माझ्यापेक्षा महाग झाली, हे मात्र मी कुणाला सांगत नसे.

मी डोंबिवलीशेजारी कोपरला घरातूनच ऑर्डर घेते. माझा हिशोब हातावर. एका हाताची एक बाजू, ऐंशी रुपये. नवरीचे पाच हजार. कुठेही बोलावलं तरी जाण्यायेण्याचे पैसे मी कधी मागितले नाहीत, लाज वाटायची. जावेचं सगळं छापील होतं. ब्रायडल पॅकेज, कार्यक्रमाचा वेगळा दर, प्रवासखर्च वेगळा. घरातल्या समारंभात सासूबाई तिचं कौतुक करायच्या आणि मी पोळ्या लाटत ऐकायचे.

मिस्टरांच्या ऑफिसमधल्या एकांच्या मुलीचं लग्न ठरलं, घर कळव्याला. मुलीने मला एक दरपत्रक पाठवलं. "काकू, ह्या ताईंनी असं सांगितलंय. तुमचं किती?" दरपत्रक जावेचंच होतं. नवरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत, दोन्ही बाजूंनी, आणि पाय घोट्यापर्यंत: सहा हजार. पाहुण्यांसाठी मेंदी काढणाऱ्या दोन जणी, तीन तास: साडेतीन हजार, त्यापुढे हातामागे शंभर. खाडीपलीकडे यायचे तीनशे. एकूण नऊ हजार आठशे.

ती माझी जाऊ आहे, हे मी मुलीला सांगितलं नाही. मुलीच्या आईला फोन करून पाहुण्या किती ते विचारलं. "पंधराएक," त्या म्हणाल्या. पंधरा जणींचे तीस हात, ऐंशीने चोवीसशे, त्यात नवरीचे पाच हजार. मी म्हटलं, "साडेसात हजारात सगळं. नवरी, पाहुण्या, येणंजाणं, सगळं." फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटावं असं त्यात काही नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं.

सकाळी आठला नवरीला बसवलं. पाय संपायला साडेबारा झाले. एक वाजता पाहुण्या सुरू केल्या. एक हात सात-आठ मिनिटांचा, पण प्रत्येकीला शेजारणीपेक्षा भरीव हवा असतो. चार वाजेपर्यंत अकरा जणी झाल्या आणि दारात अजून वीसेक बायका. मजल्यावरच्या, भिशीतल्या, कुणाची नणंद, कुणाची मावशी. माझा अंगठा वळेना. मी नवरीच्या आईला म्हटलं, "पंधराच म्हणाला होतात ना?"

"पण तुम्ही सगळं म्हणालात," त्या म्हणाल्या. रागाने नाही, आश्चर्याने. आणि त्यांचं खरं होतं.

गॅलरीत जाऊन मी जावेला फोन केला. दुसरं कुणी इतक्या जवळ नव्हतं. ती अर्ध्या तासात आली, बरोबर एक मुलगी घेऊन. चप्पल काढता काढता तिने हळूच विचारलं, "ताई, किती हात ठरलेत?"

"सगळे."

 ती सरळ नवरीच्या आईजवळ जाऊन बसली. "काकू, घरच्या बायका ताईंच्या शब्दात. त्यांची नावं सांगा, त्या आधी घेऊ. बाकीच्यांचे हातामागे शंभर, चालेल ना?" आईंनी मान डोलावली. बायकांनी कुरकूरही केली नाही. पर्स उघडल्या, कुणी फोनवरून पैसे पाठवले. जे वाक्य मला बोलता येत नव्हतं, ते तिने गजऱ्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण तिचा हात माझ्यापेक्षा भराभर चालत होता आणि बायका तिच्याच पुढ्यात सरकत होत्या, तेच मला दिसत होतं.

दरपत्रकातल्या ताई ह्याच, हे नवरीने बोलता बोलता ओळखलं होतं. निघताना नवरीच्या आई जावेला म्हणाल्या, "तुम्हालाच बोलावणार होतो हो, पण ह्यांनी तेवीसशे कमी सांगितले."

माझं तोंड उतरलं. जाऊ फक्त हसली. खाली आल्यावर शंभरच्या दराने जमलेले पैसे मोजून तिने त्या मुलीचे आणि स्वतःचे काढले, उरलेले, माझ्या हातांचे, मला दिले. मग म्हणाली, "रिक्षाचे तीनशे मात्र मी घेते, ताई. पलीकडे आलं की घेतेच मी."

मी दिले. तिने मला सुनावलं असतं तर सोपं गेलं असतं. ती रिक्षात बसून गेली आणि मी कळवा स्टेशनकडे चालत निघाले.

आता मीही पाहुण्यांची संख्या आधी लिहून घेते, तास ठरवते, जास्तीचे हात वेगळे लावते. डोंबिवलीबाहेर गेले तर प्रवासखर्च मागते. कामं कमी झाली नाहीत. हे तिच्याकडून शिकले, असं अजून तिला सांगितलेलं नाही. दिवाळीत सासूबाईंनी तिचं कौतुक केलं, तेव्हा पोटात दुखलंच.