ब्रेकची करकर

खरवईच्या हरिचंद्राने एकवीस वर्षं टेकडीवरच्या खदानीत एकच पट्टा सांभाळला. तो पट्टा दगड घेऊन उतारावरून खाली क्रशरकडे जायचा. नव्या माणसाला हरिचंद्र आधी दम द्यायचा, "ही मोटर पट्टा ओढत नाय, धरून ठेवते. ध्यानात ठेव!" भरलेला पट्टा आपल्याच वजनाने पळायला बघायचा. मोटर त्याला आवरायची आणि आवरताना वीज उलटी लाईनीत सोडायची. लाईट गेली की मोटरची पकड सुटायची, मग स्प्रिंगचा ब्रेक करकरत आवळायचा. ती करकर हरिचंद्राला आरतीसारखी पाठ होती.

परवा भर दुपारी लाईट गेली. क्रशर गप्प झाला. हरिचंद्र करकरीची वाट बघत राहिला. ती आलीच नाही. मेलेल्या खदानीत एकटा पट्टा चालत होता आणि वेग वाढवत होता. वीज नसलेली मोटर शीळ घालू लागली.

"बनूबाय, पळ!"

खाली झाडू मारणारी बनूबाई बाजूला झाली आणि ती उभी होती तिथेच दगडांचा ढीग कोसळला. पट्टा रिकामा झाला तसा आपसूक थांबला.

नवा फोरमन भूपेश पांढराफटक पडला होता. "काका, आवाजाने कान किटले होते. सकाळी ब्रेकला जरा ग्रीस लावलं."

हरिचंद्राने तोंडावर आलेली शिवी गिळली आणि ग्रीसने बुळबुळीत झालेले लायनर काढून ब्रेकला नवे बसवले. संध्याकाळी भरलेला पट्टा चालवून मुद्दाम स्विच पाडला. मग करकर उठली.

बनूबाईने केरसुणीसकट ब्रेकला हात जोडले. "बोलला बाबा."