तारीख बदलल्यास

सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढं लग्न झालं आणि आमच्या ह्यांची एअरफोर्समधली बदली चंदीगडला झाली म्हणून मी सांगली जिल्ह्यातल्या गावातून थेट इथं आले. हिंदी मोडकीतोडकी, पंजाबी शून्य. तरी बावीस सेक्टरच्या मार्केटातल्या एका फोटो स्टुडिओच्या सरदारजींनी मला अल्बम चिकटवायच्या कामावर घेतलं, आणि कुठलाही दाखला मागितला नाही. फक्त हात बघितले. "नखं कापलेली आहेत. फोटोवर ओरखडे नाही पडणार," म्हणाले. त्या एका वाक्याचे उपकार मी अजून विसरलेली नाही. पण तेव्हा रोज सकाळी वाटायचं, आज काढून टाकतील.

स्टुडिओ चालायचा लग्नांवर. पंजाबात अतिरेक्यांचे वाईट दिवस होते. पेपर उघडला की पहिल्या पानावर मेलेल्यांचे आकडे, बसस्टँडवर पोत्यांमागं शिपाई. रात्रीची लग्नं लोकांनी दिवसावर आणली होती, अंधाराआधी वऱ्हाड घरी पोचावं म्हणून. तरी लग्नं थांबली नव्हती.

गोंधळ व्हायचा तो दरपत्रकापाशी. इंग्रजीत टाइप केलेला कागद. ए ते ई असे पाच प्लॅन, प्रत्येकात रोल किती, प्रिंट कुठल्या साइझची, अल्बम साधा की मखमली, आणि तळाशी बारीक अक्षरात 'गाडीभाडं वेगळं'. माणसं तो कागद लांब धरून बघायची, मग जवळ धरून बघायची, आणि शेवटी एकच विचारायची, "जी, इसमें डोली आती है?" डोली म्हणजे मुलीची पाठवणी. सरदारजी सांगायचे, "रोल उरला तर येते." एका रोलमध्ये छत्तीस फोटो. स्टेजवर मावश्या, मामे, शेजारी एकेक करून उभे राहिले की रोल संपायचे, आणि मुलगी गाडीत बसताना कॅमेरा रिकामा. मग आठवड्यानं काउंटरवर भांडण.

मी मागं बसून गोंद लावता लावता हे ऐकायचे. एकदा भीत भीत म्हटलं, "गिऱ्हाईक रोल विचारत नाही. काय काय टिपणार ते विचारतं."

सरदारजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "ओए, फौजी दी वोटी तां वकील निकली! मग लिहून दाखव." वोटी म्हणजे बायको.

मला पंजाबी लग्न माहीत नव्हतं, तेच उपयोगी पडलं. अल्बम लावताना मला प्रत्येक विधी विचारावा लागला होता, त्यामुळं क्रम पाठ होता. डाव्या बाजूला उभे विधी लिहिले: साखरपुड्याचा शगुन, नवरीच्या बांगड्यांचा चूडा, बारात, व्याहीभेटीची मिलनी, फेरे किंवा शिखांच्या लावां, डोली. वर आडवी तीनच पॅकेजेस, लहानापासून मोठ्याकडे. पहिल्यात बारातीपासून डोलीपर्यंत. दुसऱ्यात त्याशिवाय शगुन आणि चूडा. तिसऱ्यात हे सगळं आणि व्हिडिओ कॅसेट. जे मिळतं तिथं 'हाँ', जे नाही तिथं रिकामी जागा न ठेवता 'नहीं'. प्रत्येकाची एकच रक्कम, अल्बम धरून, आणि किती फोटो मिळतील तो आकडा. वेगळं काही लागलं, जादा रोल, जादा अल्बम, गावाबाहेरचं भाडं, तर ते खाली एका चौकटीत, तिन्हींना सारखंच. फोटोग्राफरला सांगून ठेवलं, शेवटचे बारा फोटो डोलीसाठी राखायचे. ते वाक्यही या नव्या दरकार्डावर घातलं. मागच्या बाजूला तेच सगळं सरदारजींच्या बहिणीनं गुरमुखीत लिहिलं.

आणि मी शेवटी एक ओळ लिहिली. कर्फ्यू लागला तर बयान्याचं, म्हणजे आगाऊ रकमेचं, काय, हे लोक विचारत नसत, पण नंतर रडत असत. म्हणून: 'कर्फ्यू लागल्यास तारीख बदलून मिळेल, बयाना बुडणार नाही.'

"शादी के कार्ड पे कर्फ्यू?" सरदारजी म्हणाले. पण लिहू दिलं.

छापून आलं आणि पहिल्याच आठवड्यात दोन गिऱ्हाइकं उठून गेली. एका आईनं तर कार्ड बोटाच्या टोकानं परत सरकवलं. दुसऱ्या दिवशी एका बापानं बायकोला कार्ड दाखवताना कर्फ्यूच्या ओळीवर अंगठा ठेवला आणि शेवटपर्यंत उचलला नाही. संध्याकाळी सरदारजी एवढंच म्हणाले, "आणखी एकदा छापतो. या वेळी चुकलं तर मग बघू."

मी घरी येऊन ह्यांच्यापुढं रडले. हे म्हणाले, "अगं, तो शब्द कशाला? तारीख बदलली तर, एवढंच लिही. कशानं बदलली ते ज्याचं त्याला ठाऊक असतं."

तसंच लिहिलं. 'तारीख किसी भी कारण से बदले, वही बयाना, वही दर।' कार्ड चाललं. डोलीचं विचारणं थांबलं. लोक बोट ठेवून म्हणायचे, "ये दूसरा वाला," की झालं काम. सरदारजींनी मला काउंटरवर बसवलं, पगार वाढवला. गावी सासूबाईंना मनीऑर्डर जरा मोठी जाऊ लागली.

थंडीत रोपडचे एक मास्तर मुलीला घेऊन आले. मुलीनंच कार्ड वाचलं, दुसरं पॅकेज निवडलं. "व्हिडिओ नको, पापाजी. व्हिडिओत मी जाडी दिसेन." मास्तर हसले. बयाना दिला.

लग्नाला नऊ दिवस असताना नवरामुलगा लुधियान्याहून बसनं निघाला, तो पोचला नाही. त्या बसमधले बरेच जण पोचले नाहीत.

मास्तर महिन्यानं आले. मी बयान्याचा लिफाफा काढू लागले. त्यांनी हात आडवा केला. "तारीख बदलनी है, बेटा."

"कौनसी लिखूँ?"

"ते कार्डावर नाही ना, की लगेच सांगावी लागते."

मी सरदारजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिख, तारीख बाद में." मास्तर दर दोन-तीन महिन्यांनी कचेरीच्या कामाला चंदीगडला आले की डोकावायचे. "अजून ठरलं नाही," म्हणायचे, चहा घ्यायचे, जायचे. मुलगी घराबाहेर पडत नाही, हे एकदाच बोलले.

पुढच्या वर्षी रोलचे भाव वाढले, कार्ड नव्यानं छापायचं ठरलं. सरदारजी म्हणाले, "तारखेच्या ओळीला एक साल की हद घाल. काही लोक जुन्या दरावर बसून राहतात." मी पहिल्यांदाच म्हटलं, हे मोघमच राहू दे. ते म्हणाले, "तूच सांगतेस, गिऱ्हाइकाला विचारावं लागू नये. मास्तरजींचं वेगळं, त्यांना लागू नाही." त्यांचं चूक नव्हतं. मी लिहिलं: 'एक साल के अंदर'. नेहमीसारख्या सुवाच्य अक्षरात.

मास्तर आले तेव्हा सरदारजी बँकेत गेले होते आणि मी डार्करूमच्या दाराशी निगेटिव्ह घेत होते. वळले तर त्यांच्या हातात नवं कार्ड. त्यांनी ते खालपर्यंत वाचलं होतं.

"मास्तरजी, ये आपके लिए नहीं है," मी घाईनं म्हणाले. "आपका पुराना ही चलेगा."

"नहीं बेटा, ठीक है. साफ लिखा है." त्यांनी कार्ड गठ्ठ्यावर नीट कडेला कड लावून ठेवलं. मी चहा सांगते म्हटलं, तर बस आहे म्हणाले.

ते परत आले नाहीत. सरदारजींनी बयान्याची मनीऑर्डर केली, ती घेतल्याची सही आली. मी दोन पत्रं टाकली, पहिलं हिंदीत, दुसरं सरदारजींच्या बहिणीकडून पंजाबीत लिहून घेऊन, की तुमच्यासाठी हद नाही. उत्तर आलं नाही.