बिनव्याजी फोन आणि सतरा नंबरची मावशी

माझा जुना फोन कंपनीत मशीनच्या कूलंटच्या टाकीत पडला आणि तिथे निदान आठवडाभर पोहला, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर तो मिनिटभरच आत होता. पण त्या मिनिटात त्याचे पुढचे-मागचे दोन्ही कॅमेरे गेले ते गेलेच. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि पत्रिका पाहून मान हलवावी तशी मान हलवली.

बायको आणि चार वर्षांची मुलगी लातूरकडच्या गावी, मी तळवड्यात पत्र्याच्या खोलीत एकटा. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला की त्या दोघी मला दिसत आणि त्यांना माझ्या जागी काळा चौकोन दिसे. मुलगी त्या काळ्याशी गप्पा मारायची. असे सात महिने गेले. हल्ली ती हॅलो म्हणून लगेच खेळायला पळायची, आणि त्यात तिचं काय चुकलं? काळ्या चौकोनाला किती वेळ बघणार?

माझ्याकडे चोवीस हजार रुपये साठले होते. त्यातले वीस हजार मोशीकडच्या दोन खोल्यांच्या डिपॉझिटचे. उन्हाळ्यात दोघींना आणायचं ठरलं होतं आणि घरमालकाने एक तारखेपर्यंतच थांबतो म्हणून सांगितलं होतं. त्या पैशांना हात लावायचा नव्हता. पण मुलगी मला विसरायच्या आत तिला माझं तोंडही दाखवायचं होतं. अशात चाकण चौकातल्या मोबाईलच्या दुकानावर माझ्याहून उंच अक्षरांत पाटी दिसली: नो कॉस्ट ईएमआय, शून्य व्याज, शून्य डाउन पेमेंट.

गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी. गुरुवारसारखा लांबलचक वार देवाने दुसरा केला नसेल. कपडे धुतले, दाढी केली, पुन्हा एकदा दाढी केली, तरी दहाच वाजलेले. निघालो चाकणला. चौकातली ट्रॅफिक इतकी, की पुढच्या ट्रकवाल्याने लायनीत लागताना दाढी केली असावी आणि सुटेपर्यंत ती छातीपर्यंत आली.

दुकानात मी चोवीस हजारांचा फोन निवडला. हप्त्याचा गुण असा, की माणूस खिशाकडे न बघता काचेतल्या वरच्या फळीकडे बघतो. टेबलामागे फायनान्स कंपनीच्या ताई बसल्या होत्या.

"आठ हप्ते, तीन-तीन हजार," त्या म्हणाल्या. "आठ त्रिक चोवीस. व्याजाचा एक रुपया नाही, दादा."

मीही बोटांवर मोजलं. बरोबर चोवीस आले. मला तर वाटलं, एवढी वर्षं आपण रोख पैसे देऊन मूर्खपणाच केला.

आधार, पॅन, बँकेचा खाते नंबर सगळं झालं. मग ताईंनी विचारलं, "आता रेफरन्स द्या. इथले दोन ओळखीचे लोक. नाव, नंबर, नातं."

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, "ताई, दोनच? अहो, भोसरीपासून चाकणपर्यंत मला न ओळखणारं कुत्रं सापडायचं नाही." आणि फोनमधली यादी चाळायला लागलो. ठेकेदार, पण तो दोन महिन्यांपूर्वी सोडून गेलेला. गॅसवाला. 'दुरुस्तीवाला जुना', 'दुरुस्तीवाला नवा'. लाइनवरचा एक जण, ज्याचा नंबर लागत नव्हता. ताई पेन धरून थांबल्या होत्या. यादी वरून खाली आणि खालून वर केली तरी त्यातून माणूस निघेना. शेवटी पहिला रेफरन्स म्हणून शिफ्टच्या सुपरवायझरचा नंबर दिला, आणि दुसरा दिला मला डबा देणाऱ्या मेसवाल्या काकूंचा. नात्याच्या रकान्यात दडपून सांगितलं, मावशी.

मला वाटलं होतं, नुसतं लिहून घेतील. ताईंनी तिथल्या तिथे स्पीकरवर फोन लावला.

"तुमच्या भाच्याच्या फोनच्या लोनसाठी बोलतेय," त्यांनी माझं नाव सांगितलं.

"कोन?" काकू तिकडून म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी. "मला भाचा न्हाई. एकुलती एक हाय मी."

दुकानातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलावर वाकून म्हणालो, "काकू, मी. सतरा नंबर."

आमच्या डब्यांवर ऑइल पेंटने नंबर घातलेले असतात. दीड वर्ष मी त्यांचं जेवतोय, पण नाव त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

"सतरा व्हय? कमी तिखटवाला. मग तसं सांग की. हप्त्यावर घेतोयस?"

"बिनव्याजी आहे, काकू."

"माझा फ्रिजबी तसाच हुता. रोखीचा भाव इचारला का?"

"नाही."

"इचार आधी. आन् मला मावशी केलीस ते बरं केलंस, पन मागच्या महिन्याचे दीडशे ऱ्हायलेत." फोन कट.

ताई हसू दाबत होत्या. मी गल्ल्यावरच्या मालकाकडे वळलो. "रोख दिले तर कितीला?"

त्याने जरा इकडेतिकडे पाहिलं. "रोख देताय? साडेबावीसला सोडतो."

"मग हप्त्याला चोवीस का?"

"भावा, फायनान्सवाले त्यांचं व्याज माझ्याकडून कापून घेतात. मी ते कुठून आणू? रोखवाल्याला तेवढे कमी करतो."

म्हणजे व्याज होतंच, ते फक्त किमतीच्या पोटात बसलं होतं. मी ताईंना म्हटलं, आणखी काय काय आहे ते सांगून टाका. ताई भल्या बाई, त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. फाइल चार्ज पाचशे, त्यावर जीएसटी नव्वद. फोनच्या विम्याचे आठशे नव्याण्णव.

"विमा मी कधी मागितला?"

"तो आधीच टिक केलेला असतो. नको असेल तर काढते." आणि हळूच म्हणाल्या, "आम्हालाही टार्गेट असतं, दादा."

पंधराशे, पाचशे नव्वद, आठशे नव्याण्णव. सगळे मिळून दोन हजार नऊशे एकोणनव्वद. विमा काढला तरी दोन हजार नव्वद राहत होतेच. शून्य खर्चात एवढं सामान मावतं, हे मला ठाऊक नव्हतं.

रोखीने घेतला तर खोली जाणार. हप्त्याने घेतला तर आठ महिने तीन हजार आणि वर नव्या खोलीचं भाडं, म्हणजे दोघींना आणून उपाशी ठेवायचं. मी म्हटलं, "ताई, फाइल बंद करा." त्यांनी ती खोडली. सुपरवायझरला फोन करायचा राहिला, ते एक बरं झालं.

तिथून कासारवाडीला गेलो. एका गाळ्यात जुने फोन विकायला असतात. साडेतीन हजारांत एक मिळाला, पक्क्या बिलासकट. काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चरा, पण कॅमेरा चालू. दुकानात उभ्या उभ्याच त्यात स्वतःला पाहिलं. सात महिन्यांत कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

संध्याकाळी डबा घेऊन खोलीवर आलो. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून लावला. बायको पाहत राहिली. मग तिने मुलीला पुढे ओढलं, "बघ, बाबा."

मुलीने पाहिलं आणि ती आईच्या पदराआड गेली. काळ्या चौकोनाशी मोकळेपणाने बोलणारी पोर, चेहरा दिसल्यावर लाजली. बायको म्हणाली, "अहो, थांबा जरा, येईल."

मी म्हटलं, घाई नाही. डबा उघडला, भाकरी मोडली आणि बाटलीकडे तोंड करून जेवायला लागलो. पलीकडून पदराच्या कडेने एक डोळा बघत होता, किती घास होतात ते.