राहीबाईंचा दीड एकर

रहिमतपूरजवळच्या वाडीत राहीबाईंना सगळे आक्का म्हणत. तेवीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर लेकीला कडेवर घेऊन त्या माहेरी आल्या, तेव्हा वडील जिवंत होते. विहिरीच्या कडेचा दीड एकर वडिलांनी त्यांना कसायला दिला आणि सांगितलं, बस हितं. त्या बसल्या त्या बसल्याच. ऊस लावला, तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर खोडवं घेतलं, बांधावर शेवगा लावला, दोन म्हशी राखल्या. लेक क्रांती नर्स होऊन सांगलीला नोकरीला लागली. बचत गटाची वही आक्कांकडेच असे, कारण त्यांचं अक्षर ठळक होतं आणि त्या वाचल्याशिवाय कशावर सही करत नसत. गटातल्या बायका त्यांना त्यावरून चिडवत. सहीच्या आधी आक्का चष्मा पुसतात म्हणजे आज चहा उशिरा, असं सुलाबाई नेहमी म्हणायची.

वडील गेल्यावर जमीन चौघांच्या नावावर आली. थोरल्या आक्का, त्यांच्यामागं फौजेतून निवृत्त झालेला नाथाजी, मग तासगावकडं दिलेली भामाबाई आणि शेंडेफळ ज्योतिबा. सातबाऱ्यावर चार नावं, पण कसणं वेगवेगळं. त्यांच्याकडे एक रीत होती, थोरल्या भावानं वाटण्या पाडायच्या आणि धाकट्यानं पहिली उचलायची. नाथाजीनं तीन-तीन एकरांच्या दोन वाटण्या पाडल्या, ज्योतिबानं रस्त्याकडची उचलली, नाथाजीकडं ओढ्याकडची राहिली आणि विहिरीकडचा दीड एकर आक्कांचा म्हणून सोडला. भामाबाईनं वडिलांच्या तेराव्याला साडीचोळी घेतली आणि शंभराच्या स्टॅम्पवर अंगठ्यासारखी सही केली. हक्क सोडला म्हणे. कागद नाथाजीनं ट्रंकेत ठेवला आणि सगळ्यांना वाटलं, झालं.

दहा वर्षं झालंच होतं. भानगड उभी राहिली ती नाथाजीचा मुलगा साईराज कोंबड्यांची शेड बांधायला निघाला तेव्हा. बँकेनं स्वतंत्र उतारा मागितला. कोरेगावच्या वकीलबाई राजनंदिनी यांनी ट्रंकेतला कागद बघितला आणि सरळ सांगितलं, याची नोंदणी झालेली नाही, त्यामुळं भामाबाईंचा हक्क आजही जिथल्या तिथं आहे. जमिनीचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो. आता चौघांनी मिळून कौटुंबिक व्यवस्थापत्र करा, त्यात वाटण्या लिहा, एकमेकांचे हक्क सोडा आणि दुय्यम निबंधकांसमोर नोंदवा. नाथाजीनं वकीलबाईंना काय लिहायचं ते फोनवर सांगितलं आणि बहिणींना दिवस कळवला.

सोमवारी अकराला चौघं वकीलबाईंच्या ऑफिसात बसले होते. खाली निबंधकांचं कार्यालय, दीड वाजताची वेळ घेतलेली. दोन साक्षीदार दारात पान खात उभे. नाथाजी कडक इस्त्रीच्या शर्टात, हातात फाईल. त्याला गावात मेजर म्हणत आणि तो वागेही तसाच. भामाबाई पहाटेच्या गाडीनं आलेली, पायाशी द्राक्षाची पेटी. सगळ्यांनी एकमेकांच्या गुडघ्यांची, पोरांची चौकशी केली. मग वकीलबाईंनी दस्ताच्या प्रती पुढं केल्या.

नाथाजी म्हणाला, वाचायला काय हाय त्यात, ठरलेलंच हाय. ज्योतिबानं पेन काढलं. भामाबाईनं आक्कांकडं बघितलं. आक्कांनी पदरानं चष्मा पुसला.

पहिली दोन पानं बरोबर होती. गट नंबर, चतुःसीमा, कोणाला किती. विहिरीच्या पाण्याची पाळीसुद्धा लिहिली होती, आठवड्यातले दोन दिवस त्यांचे. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. दीड एकर राहीबाई यांनी हयातीपर्यंत कसावे, त्यानंतर तो नाथाजी व ज्योतिबा यांचेकडे समान राहील. त्याखाली राहीबाई व भामाबाई यांनी भावांच्या हिश्शावरील हक्क स्वतःतर्फे व वारसांतर्फे कायमचा सोडला आहे, असं होतं. त्यांनी पान उलटलं. भावांनी काय सोडलं ते कुठंच नव्हतं. त्यांनी पान परत मागं घेतलं, वाटलं, आपल्याच डोळ्यांची चूक असावी. नव्हती.

बोललं नाही तर दीड एकर आपल्या श्वासाइतका. बोललं तर माहेर तुटलं. आपल्या भागात हिस्सा मागणाऱ्या बहिणीला दिवाळीला कुणी बोलावत नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी स्वतः एका चुलतबहिणीच्या बाबतीत ते बघितलं होतं, आणि तेव्हा त्या गप्प राहिल्या होत्या.

"नाथा," त्या म्हणाल्या, "ही हयात कुणी लिवली?"

नाथाजीनं वकीलबाईंकडं बघितलं, मग छताकडं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. आक्काला कुणी उठवत नाही, मरेपर्यंत तिचंच आहे. पण उद्या क्रांतीचं नाव लागलं की जमीन जावयाच्या घरात गेली. वडिलांनी घाम गाळलेली माती परक्याच्या नावावर कशी चढवायची? तो हे रागानं नाही, समजावणीच्या सुरात म्हणाला, आणि तेच आक्कांना जास्त लागलं.

"क्रांती परकी? तू बॉर्डरवर होतास तवा तुला माजी राखी तिनंच पोस्टानं धाडली," आक्का म्हणाल्या. "आनि तुज्या वारसांनी काय सोडलं, त्ये कुठं हाय? तुज्या साईराजनं उद्या माज्या बांधावर दावा सांगितला तर मी कुनाकडं बोट दावू?"

"माज्या पोरावर इस्वास न्हाई व्हय तुजा?"

"पोरावर हाय रं. कागदावर न्हाई."

ज्योतिबा मध्ये पडला. आक्का, घरातलं घरात बघू, आज सही करून टाक, वेळ गेली तर पुन्हा वेळ काढायला लागंल. त्याच्या आवाजात भांडणाची भीती होती. दोघांच्या मधला तो नेहमीच असा. वडिलांसमोरही कुणाची बाजू न घेता वाटीतलं तूप दोघांना देणारा.

नाथाजी उठला. "मग ऱ्हाऊ द्या. आमची शेड अडली तर अडू द्या, पन आक्काचा हट्ट व्हायला पायजे."

वकीलबाईंनी एवढंच सांगितलं की, मला ज्यांनी माहिती दिली त्यांच्या सांगण्याप्रमाणं मसुदा केला, पण पक्ष चौघं आहेत आणि मला चौघांना सारखंच सांगायला पाहिजे. नुसतं वाटून उपयोग नाही, ज्याच्या वाट्याला जे आलं त्यावरचा हक्क बाकीच्या तिघांनी वारसांसह सोडला तरच वाटणी टिकते. बहिणींनी सोडला आणि भावांनी नाही, तर दस्त एका पायावर उभा राहतो. आणि हयातीपर्यंत असेल तर राहीबाई मालक होत नाहीत, हेही त्यांना माहीत असायला हवं.

नाथाजी दाराशीच थांबला. खाली कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता.

भामाबाईनं पेटीवरचा पाय काढला. आल्यापासून तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तिच्याकडून फक्त सही हवी होती आणि ती देणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं. तीही धरूनच आली होती.

"दादा, त्या तेराव्याला तू मला पेन दिलंस," ती सावकाश बोलली, "मी इचारलं, कशावर? तू म्हनलास, ताटं वाढल्यात, कर लवकर. मी केली. तासगावला बाग हाय, मला उनं न्हाई कशाचं. आजबी सोडीन. पन माज्या वाटणीचं सोडायचं तर तिघांना सोडीन, सारखं. आक्काच्या दीड एकरावरचं आक्कालाच, तिच्या मागं क्रांतीला. तसं लिवलं तर हितं अंगठा देती. न्हाईतर माजी चार वाजता गाडी हाय."

"तू पन तिचीच," नाथाजी म्हणाला.

"मी तुमची सगळ्यांची हाय. म्हनून तर फुकट सोडती."

ज्योतिबाला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. नाथाजीनं ते पाहिलं. तो परत खुर्चीत बसला, पण टेकून नाही.

आक्कांना वाटलं आता ओरडावं, किंवा रडावं. दोन्ही केलं नाही. त्यांनी खुर्ची भावाजवळ ओढली आणि दस्तातल्या त्याच्याच हिश्शाचं पान त्याच्यापुढं धरलं. बघ, इथं तू लिहून घेतलंस, भामाची पोरं उद्या तुझ्या तीन एकरावर येऊ नयेत म्हणून, वारसांतर्फे कायमचा, असं. भामाची पोरं तुझी भाचरंच आहेत, लहानपणी तुझ्या खांद्यावर बसलेली. तरी तू लिहून घेतलंस. मग त्यात तुला इस्वासाची गोष्ट दिसली नाही. तसाच एक आडोसा मला दे, एवढंच मागते.

नाथाजीनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. फौजेत त्यानं सहीशिवाय एक काडतूस कुणाला दिलं नव्हतं. मग आक्कांकडं न बघता तो वकीलबाईंना म्हणाला, "खोडा ती हयात."

वकीलबाईंनी हयात खोडली आणि नवीन परिच्छेद लिहिला. चौघांपैकी प्रत्येकानं, स्वतःतर्फे आणि आपल्या वारसांतर्फे, दुसऱ्यांच्या वाट्याला आलेल्या मिळकतीवरील हक्क, हितसंबंध आणि दावा आजपासून कायमचा सोडला आहे, आणि तो राजीखुशीनं, कोणाच्या दबावाशिवाय. राहीबाईंचा दीड एकर पूर्ण मालकीचा. भामाबाईनं वकीलबाईंना तो परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला, एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा नाथाजीसुद्धा ऐकत होता.

टाइप होऊन यायला उशीर झाला, दीडची वेळ गेली, मधल्या सुट्टीनंतरची मिळाली. तोवर चौघं एका बाकावर बसली, मध्ये द्राक्षाची पेटी. कुणीच ती उघडली नाही. चारची गाडी गेली, भामाबाई म्हणाली, जाऊ दे. सव्वाचारला निबंधकांनी एकेकाला बोलावलं. प्रत्येकाचा फोटो निघाला, बोटाचा ठसा यंत्रावर उमटला, दस्त तुम्हाला मान्य आहे का हे विचारलं गेलं. नाथाजी दोनच शब्द बोलला. "व्हय. मान्य."

घरी जाताना त्यानं साईराजची गाडी बोलावली आणि ज्योतिबाला घेऊन निघाला. बहिणींना या म्हणाला नाही. दोघी एसटी स्टॅंडवर उभ्या राहिल्या. आक्कांना वाटलं, हे तेच, ज्याला मी भीत होते. भामाबाईनं विचारलं, "दादा रागात हाय का, आक्का?" त्या म्हणाल्या, "लय दिस ऱ्हाईल."

तलाठ्याकडं सातबाऱ्यावरची नावं बदलायचा फेरफार नोंदला गेला आणि सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघाली. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली तर प्रकरण लटकणार होतं. दस्त नोंदवलेला होता, तरी आक्का रोज नाथाजीच्या दाराकडं बघत आणि नजर वळवत. तो दिसला की रामराम होई, बाकी काही नाही. मुदत सरली. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली, हे ज्योतिबानं सायकलवरून उतरून सांगितलं. हरकत कुणाचीच नव्हती.

आठवड्यानं, दुपारी, आक्का उसाला पाणी पाजत असताना नाथाजी बांधावर येऊन उभा राहिला. आत आला नाही. इतकी वर्षं तो सरळ आत यायचा, मोटर चालू करायचा, न विचारता.

"आक्का, आज पाळी तुजी हाय, उद्या माजी. शेडीच्या पायाला पानी लागतंय. आजचं घेऊ का तुजं?"

आक्कांनी खोरं टेकवलं.

"घे की. उद्या परत दे."

तो मान हलवून विहिरीकडं गेला.