पंचवीसचा इंच

माझे बाबा सुतार. नजर अशी की फळी हातात न घेता तिचा बाक सांगतील. हिशेब मात्र त्यांचा स्वतःचा. इंच म्हणजे पंचवीस मिलिमीटर, विषय संपला. मी एकदा म्हटलं, "बाबा, पंचवीस पूर्णांक चार असतात." तर म्हणाले, "ते चार तू ठेव तुझ्याकडे, दळणाला होतील."

लहान कामात खपूनही जायचं. चार इंचांत दीड मिलिमीटर, कोण बघतंय?

आमच्या गल्लीच्या टोकाला नर्सबाई राहतात. निवृत्त झाल्या तरी आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना इन्सुलिनची इंजेक्शनं त्याच द्यायच्या, फुकट. त्या एक दिवस स्वतःच्या आईच्या मोडलेल्या पलंगाच्या तीन फळ्या घेऊन आल्या. ११८० मिलिमीटर, ११६० आणि ११३०. प्रत्येक फळीतून एकच शेल्फ निघणार होतं. "जोड नको हं," त्या म्हणाल्या, "आईचं लाकूड आहे." मापांच्या तीन चिठ्ठ्या दिल्या. एक शेल्फ लोखंडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर बसणार, त्यासाठी वेल्डरने लिहिलेलं ११५० मिलिमीटर. त्यांच्या बहिणीच्या खिडकीचं ११२ सेंटिमीटर, फोनवर घेतलेलं. आणि त्यांच्या पलंगाशेजारच्या कोनाड्याचं ३ फूट १० इंच, हे त्यांनी शिंप्याच्या टेपने स्वतः मोजलेलं.

अशा वेळी सगळी मापं एका एककात आणायची, मोठ्याकडून लहानाकडे मांडायची आणि लांब फळीला लांब माप द्यायचं, एवढं मला आयटीआयमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी पेन्सिल घेतलीही होती.

"त्यात काय लिहायचं?" बाबा म्हणाले. "तीन दहा म्हणजे शेहेचाळीस इंच. शेहेचाळीस पंचवीस, अकराशे पन्नास. वेल्डरचंही अकराशे पन्नास. दोन्ही सारखीच. कुठलीही फळी कुठेही घाल."

त्यांनी सगळ्यांत लांब फळी घेतली आणि वेल्डरच्या मापाने कापली. मग दुसरीवर इंचाचा टेप ताणला. शेहेचाळीसची खूण फळीच्या टोकाबाहेर गेली. आठ मिलिमीटर कमी. पहिली तर कापून बसलोच होतो.

मी कागदावर गुणाकार केला. शेहेचाळीस गुणिले पंचवीस पूर्णांक चार, म्हणजे ११६८ आणि वर थोडं. कोनाडा सगळ्यांत लांब, मग वेल्डर ११५०, मग बहीण ११२०. तिन्ही फळ्या तिन्ही मापांना पुरत होत्या, फक्त क्रम लावायचा होता. कागद बाबांसमोर ठेवला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. बाबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमचंच माप चुकलं. कोनाड्याच्या फळीला पट्टी जोडावी लागली."

नाचता येईना, अंगण वाकडं. मला वाटलं, आता बोलावं. पण मी रंधा पुसत राहिले.

नर्सबाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "असेल हो. उगीच तुम्हाला त्रास. माफ करा." जोडलेल्या पट्टीवर त्यांनी नुसतं बोट फिरवलं.

दीड महिन्याने आमचे शेजारचे काका रिक्षात बसताना दिसले. रोज दवाखान्यात जातात म्हणे इंजेक्शनला. "बाईंनी सोडलं," ते म्हणाले. "म्हणतात, साध्या टेपवरच्या रेघा चुकायला लागल्या, सिरिंजवरच्या कशा दिसणार?"

बाबांनी करवत खाली ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मलाही घास जाईना, पण मी खाल्लं, कारण न खाल्लं तर त्यांनी कारण विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिशातला तो कागद काढला. घामाने मऊ झाला होता. मला म्हणाले, "चल." त्यांना एकट्याने जायची लाज वाटत होती, हे त्यांनी सरळ सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

नर्सबाईंच्या दारात त्यांनी चप्पल काढली आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "बाई, तुमचं माप बरोबर होतं. सुतासारखं. मी पंचवीसने गुणलं आणि चुकीची फळी आधी कापली. वर तुमच्यावर ढकललं."

नर्सबाईंनी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि चष्मा लावून वाचला. तिन्ही आकडे, एकाखाली एक. रागावतील, ओरडतील, मी वाट पाहत होते. बाबांची मान खालीच होती.

"आकडे कुणी लिहिलेत हे?" त्यांनी विचारलं.

"पोरीने," बाबा म्हणाले. "त्याच दिवशी."

मग त्यांनी बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी माफी मागत होते तेव्हा तुला माहीत होतं?"